बारा डब्यांची साडेसाती
(नामांकित ज्योतिषी निवडण्याबाबत इच्छुकांना सूचना)

डहाणू रोडला ज्योतिषी शोधावा लागत नाही, तो गाडीतच भेटतो. विरार गेलं, गर्दी ओसरली, की दाराजवळच्या पत्र्यावरची स्टिकरं वाचता येतात. नोकरी, लग्न, कोर्टकचेरी, सवत, शत्रू, सगळ्यावर २४ तासांत उपाय, गॅरंटी १०० टक्के. मी बत्तीस वर्षं बँकेत कर्जाच्या फायली तपासल्या. शंभर टक्के गॅरंटी मागायचं काम आमचं असे, देणारा कोणी भेटला नाही. म्हणून इच्छुकांनी पहिली सूचना लिहून घ्यावी: स्टिकरवरचा नंबर लावू नये. नामांकित माणसाला विरार ते डहाणू पत्र्यावर चिकटून प्रवास करावा लागत नाही.

सोबत काय न्यावं? पेन्सिल, पाठकोरा कागद आणि हिशोब येणारा एक नातेवाईक. भक्तिभाव घरी ठेवला तरी चालतो. गेल्या वर्षी मावशीबरोबर हा नातेवाईक म्हणून मीच गेलो होतो. मावशीची घोलवडच्या बाजूला चिकूची थोडी वाडी आहे. मुलगा बोईसरला एका कारखान्यात कंत्राटावर, वय एकतीस, लग्न जमत नव्हतं. कोणीतरी एका 'शास्त्रीजीं'चं नाव सुचवलं. ऑफिसात एसी होता. दक्षिणा फक्त २५१ रुपये. कर्जाच्या धंद्यात 'फक्त' हा शब्द दिसला की आम्ही पान उलटून पाहतो.

शास्त्रीजींनी पत्रिका बघितली, चष्मा काढला आणि काहीच बोलले नाहीत. हा मौनाचा भाग नीट ओळखावा. डॉक्टर रिपोर्ट बघून गप्प बसला की माणूस जसा घाबरतो तसं मावशीचं झालं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, साडेसाती आहे. आणि वर कालसर्प. आजवर कोणी सांगितलं नाही तुम्हाला?" या शेवटच्या प्रश्नातच सगळा माल आहे. त्याने जुना ज्योतिषी अडाणी ठरतो, आई बेफिकीर ठरते आणि मुलाचं वय एकतीसवरून एकदम चाळिशीकडे सरकतं.

अशा वेळी घाबरावं, पण आधी भागाकार करावा. शनीला बारा राशी फिरायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणजे एका राशीत अडीच वर्षं. आपल्या चंद्रराशीच्या मागची रास, आपली रास आणि पुढची रास, अशा तीन राशींतून तो जाईपर्यंतचा काळ म्हणजे साडेसाती. याचा अर्थ कोणत्याही क्षणी बारातल्या तीन राशींना साडेसाती असतेच. २९ मार्च २०२५ ला शनी मीनेत गेला, तेव्हापासून कुंभ, मीन आणि मेष या तीन राशी रांगेत आहेत. शिवाय सिंह आणि धनु यांना अडीचकी, जिला आमच्याकडे गुजरातच्या शेजारामुळे सगळे लहान पनोती म्हणतात. आता आपली बारा डब्यांची लोकल डोळ्यांसमोर आणा आणि एकेका राशीला एकेक डबा द्या. तीन डबे साडेसातीत, दोन पनोतीत. पाच डबे संकटात असूनही गाडी वाणगाव सोडून डहाणूला येते, आणि उशीर झालाच तर सगळ्या डब्यांना सारखाच होतो.

मंगळाचंही तेच. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असला की पत्रिका मंगळाची. बारातली पाच स्थानं, पुन्हा पाच डबे. काही जण दुसरं स्थानही धरतात, मग निम्मी गाडी. एवढ्या पोरापोरींची लग्नं अडू नयेत म्हणून शास्त्रातच अपवादांची लांबलचक यादी दिलेली आहे. जो ज्योतिषी दोष सांगून त्याच श्वासात अपवादही सांगतो, त्याच्या नावापुढे पेन्सिलीने एक टिंब द्यावं. जो अपवाद गिळून थेट शांतीवर येतो, त्याच्या नावापुढे काय द्यावं ते सुज्ञांना कळतं.

कालसर्पाला मात्र थोडा वेळ द्यायला हवा, कारण सध्या बाजारात सर्वांत जास्त विकला जाणारा साप तोच आहे. राहू आणि केतू पत्रिकेत कायम समोरासमोर असतात. बाकीचे सातही ग्रह त्यांच्या एकाच बाजूला सापडले की कालसर्प योग. वराहमिहिराच्या बृहज्जातकात हा योग नाही, आणि जुन्या पठडीतले कितीतरी ज्योतिषी तो मानतही नाहीत. पण समजा मानला. चंद्र सोडून बाकीचे सहा ग्रह एका बाजूला आले की ते तिथे काही आठवडे, कधी काही महिने राहतात. चंद्राला फेरी मारायला सत्तावीस-अठ्ठावीस दिवस लागतात, म्हणजे जवळपास दोन आठवडे तोही त्याच बाजूला असतो. त्या दोन आठवड्यांत डहाणू, तलासरी, मुंबई, न्यूयॉर्क, जिथे कुठे मूल जन्मेल त्याला कालसर्प. अनंत, कुलिक, वासुकी अशी त्याची बारा नावं आहेत, ती राहू कोणत्या स्थानी आहे त्यावरून पडतात. लग्न दिवसभरात बाराही राशींतून फिरतं, म्हणून प्रसूतिगृहाच्या एकाच वॉर्डात चोवीस तासांत बाराही जातींचे साप निघू शकतात. मुलाला कालसर्प सांगितला तर त्याच्या वर्गातल्या त्याच आठवड्यात जन्मलेल्या पोरांची चौकशी करावी. मावशीच्या मुलाच्या वर्गातल्या अशा एकाला दोन मुलं आहेत आणि दुसऱ्याचं चारोटीला गॅरेज जोरात चालतं.

(जाता जाता: आमच्याकडे भाताच्या खाचरात खरा साप पायाखाली येतो. तो चावला तर पत्रिका, मंत्र, गंडादोरा काही नको, थेट रुग्णालय. साप चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.)

आता बिलाकडे वळू. शास्त्रीजींनी कागदावर लिहून दिलं: महामृत्युंजयाचा सव्वा लाख जप ५१,००० रुपये, सिद्ध यंत्र ११,०००, नीलम ९,०००. एकूण ७१,०००, आणि तीन महिन्यांत लग्नाची गॅरंटी. अमावास्येच्या आत केलं तर बरं, नंतर 'माझ्या हातात काही नाही'. तारखेची घाई हे लक्षण बँकेतही ओळखीचं असतं. आजच सही करा म्हणणाऱ्याची फाईल आम्ही सगळ्यांत खाली ठेवायचो.

"जप कोण करणार?" मी विचारलं.

"तीन गुरुजी. दोन दिवसांत उरकतो."

मी पेन्सिल काढली. मंत्र बत्तीस अक्षरांचा. मावशी रोज देवापुढे म्हणते, तिला घड्याळ लावून म्हणायला लावलं, दहा सेकंद लागले. तीन गुरुजी, रोज सहा तास, दोन दिवस, म्हणजे छत्तीस तास. त्याचे सेकंद १,२९,६००. दहाने भागले तर १२,९६०. सव्वा लाखाला असेच तिघे बसले तर एकोणीस-वीस दिवस लागतील. शास्त्रीजींनी कागद बघितला आणि जराही न डगमगता म्हणाले, "दशांश हवन असतं ना." हवन जपाच्या दहाव्या हिश्शाचं करायचं असतं, हे खरं आहे. पण जपच दशांश करून पैसे पूर्ण घ्यायचे, ही सोय मी पहिल्यांदा ऐकली. इच्छुकांनी हा भागाकार पाठ करावा. चांगला गुरुजी असा हिशोब विचारल्यावर चिडत नाही. तो स्वतःच सांगतो की एवढे ब्राह्मण, एवढे दिवस, नाहीतर संकल्प लहान करू.

यंत्राचं म्हणाल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये टीव्हीवरच्या यंत्रांच्या जाहिरातींवर निकाल दिला आहे. दैवी शक्तीचा दावा करून अशी वस्तू विकणं जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदेशीर आहे, असं त्यात म्हटलं आहे. ज्योतिषाने नुसता सल्ला देणं या कायद्यात गुन्हा नाही, नंदीबैलवाल्यालाही तेवढी सूट आहे. सल्ला आणि माल यांच्यामध्ये कायद्याने रेघ मारली आहे, ती आपणही मारावी. पत्रिका बघणाराच जप, यंत्र आणि खडा विकत असेल, तर त्याला दोष सापडणार नाही असा दिवस उगवणं कठीण. आमच्या बँकेत जमिनीचं मूल्यांकन करणारा आणि जमीन विकणारा एकच निघाला तर त्याची नोकरी जायची.

"पण भाकीत खरं ठरतं ना?" मावशीचा हा प्रश्न रास्त होता. त्यासाठी भाकीत लेखी घ्यावं, तारखेसह, आणि ते चुकण्याजोगं असावं. नोव्हेंबर २०१८ पासून आमच्या धुंदलवाडीच्या परिसरात महिनोन्महिने भूकंपाचे धक्के बसत होते. माणसं थंडीत घराबाहेर झोपायची. त्या दिवसांत कोणी 'येत्या आठवड्यात जमीन हलेल' म्हटलं असतं तर ते खरं ठरणारच होतं. कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणत्या दिवशी हलणार नाही, हे सांगणारा हवा होता. पुण्यात २००८ साली जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी नेमकी अशीच लेखी परीक्षा घेतली. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर अशा दोनशे पत्रिका जमवल्या, आणि प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस देऊन कोणती कोणाची ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. छापा-काटा केला असता तर ५० च्या आसपास आली असती, आणि नाण्याला दक्षिणा लागत नाही.

एवढं सगळं सांगूनही मावशीला कोणाकडे तरी जायचंच होतं. मग तलासरीच्या बाजूला एका म्हाताऱ्या गुरुजींकडे नेलं. त्यांनी दार उघडतानाच ५१ रुपये सांगितले. पत्रिका पाहिली आणि म्हणाले, "शनी आहे, पण तो माझ्याही राशीला आहे. कालसर्प वगैरे मी मानत नाही. लग्नाचं मला नक्की सांगता येणार नाही. पोराला म्हणावं, आधी कंत्राटाची नोकरी पक्की होते का बघ, मुलीकडचे तेच विचारतात. शनिवारी वाटलं तर मारुतीला तेल घाल, पाव लिटर बास." मुलाच्या तब्येतीचं विचारलं तर त्यांनी डॉक्टरचं नाव घेतलं. माझ्या कागदावरच्या सगळ्या कसोट्यांना उतरलेला हा पहिला माणूस. मी खूश होऊन पेन्सिल खिशात ठेवली.

परतीच्या रिक्षात मावशी बराच वेळ गप्प होती. डहाणू जवळ आल्यावर म्हणाली, "माणूस चांगला आहे रे. पण एक्कावन्न रुपयांत काय खरं सांगणार?"