साडेसहाची टक्कर

मार्च लागला की बाबा विचारतात, "काय गं, यंदा साहेब लोक कधी पुढे सरकणार?"

बाबा स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झाले. वेळ एकच असते, ती पाळायची, आणि नाही पाळली तर लेखी खुलासा द्यायचा, इथे त्यांचा कालविचार संपतो. माझी नोकरी मात्र पुण्यात बसून एक लंडनचा आणि एक न्यूयॉर्कचा असे दोन क्लायंट सांभाळण्याची.

हिवाळ्यात काही तक्रार नसते. लंडनवाले त्यांच्या दुपारी एकला बोलावतात, म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. न्यूयॉर्कवाले त्यांच्या सकाळी नऊला, म्हणजे आपले साडेसात. एक कॉल संपवायचा, चहा टाकायचा, दुसऱ्याला बसायचं. मग मार्चचा दुसरा रविवार उगवतो. २०२६ मध्ये तो ८ तारखेला आला. अमेरिका घड्याळाचा काटा तासभर पुढे ढकलते आणि न्यूयॉर्कचे नऊ आपल्याकडे साडेसहालाच वाजतात. लंडन अजून जागचं हललेलं नसतं, त्यामुळे तेही साडेसहाला हजर. कॅलेंडरातलं आमंत्रण ज्याने पाठवलं त्याच्या गावची वेळ धरून बसतं, म्हणून दोघांच्याही पडद्यावर सगळं जिथल्या तिथे असतं. गोंधळ फक्त तिथे दिसतो, जिथे घड्याळाला कुणी हातही लावलेला नाही.

"मग लंडनवाले कधी बदलतात?"

"मार्चच्या शेवटच्या रविवारी. २९ ला."

"तोवर तीन आठवडे तू काय करणार?"

"एका कानात लंडन, एका कानात न्यूयॉर्क."

२९ नंतर लंडनचा कॉल साडेपाचवर सरकतो आणि गाठ सुटते. ऑक्टोबरात तीच टक्कर पुन्हा, पण आठवडाभरच: युरोप शेवटच्या रविवारी मागे येतो, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी.

"पण एकाच दिवशी का बदलत नाहीत? तार करायची एकमेकांना!"

बाबांचा प्रश्न रास्त आहे. युरोपातल्या देशांनी आपापसात तशी तार केलेलीच आहे. तिथे सगळे एकाच क्षणी काटा हलवतात. अमेरिकाही २००६ पर्यंत फार लांब नव्हती. ऑक्टोबरातला रविवार दोघांचा एकच होता आणि वसंतात जेमतेम आठवड्याचं अंतर पडायचं. पण २००५ च्या ऊर्जा कायद्यात तिथल्या खासदारांना विजेची बचत आठवली. घड्याळ जास्त दिवस पुढे ठेवलं की संध्याकाळी दिवे उशिरा लागतील, असा हिशेब. बचतीच्या मागे इतरही हितचिंतक उभे असतात. १९८०च्या दशकात असाच एक महिना वाढवताना गोल्फवाल्यांनी सांगितलं होतं, की एका जादा महिन्याने आमचा धंदा वीस कोटी डॉलरने वाढेल. मिठाईवाल्यांचा डोळा ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनवर. उजेड तासभर जास्त राहिला, तर पोरं चार घरं जास्त हिंडून गोळ्या गोळा करतील.

२००५ चा मूळ प्रस्ताव तब्बल दोन महिने वाढवण्याचा होता. त्याला आडव्या आल्या विमान कंपन्या. हीथ्रोवर विमान उतरवायची वेळ लंडनच्या घड्याळाने ठरलेली असते. न्यूयॉर्कने एकट्यानेच काटा हलवला, की ती वेळ गाठायला तिथून सुटण्याचं वेळापत्रक बदलावं लागतं, आणि पुढे जोडलेली विमानंही विस्कटतात. शेवटी घासाघीस झाली. मार्चमध्ये साधारण तीन आठवडे घ्या, नोव्हेंबरकडे एक घ्या आणि मिटवा. २००७ पासून तेच चालू आहे. युरोपची तारीख वेगळ्या टेबलावर ठरली होती आणि अमेरिकेसाठी ती हलवायचं युरोपला काही कारण नव्हतं. माझ्या साडेसहाच्या टकरीत अशी गोल्फ, गोळ्या आणि विमानं एकत्र बसलेली आहेत. पुण्याला कुणी विचारलं नाही, पण पुणे काही त्या कमिटीवर नव्हतं.

आपण हसावं असंही नाही म्हणा. प्रमाणवेळ आली तरी मुंबई १९५५ पर्यंत आपली ३९ मिनिटं मागची 'बॉम्बे टाइम' कुरवाळत बसली होती. हे बाबांना सांगितल्यावर ते म्हणाले, "रेल्वे नव्हती बसली." विषय संपला.

यंदा मीच तोडगा काढला. भारत काटा हलवत नाही, तर दोन्ही बैठका भारतीय वेळेला बांधू. न्यूयॉर्कला दिली साडेसहाची वेळ, लंडनला साडेपाचची. दोघांनाही पटलं, कारण तेव्हा उन्हाळा होता. नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या साहेबाला सकाळी आठला बसावं लागेल, हे त्याच्या बायकोने दाखवून दिलं. मुलीला शाळेत सोडायची पाळी त्याची. ठराव बारगळला.

अशात वरून बातमी आली, की सिडनीचा एक क्लायंट मिळतोय. तिथले ऋतू उलटे, म्हणून घड्याळही उलटं: ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ते पुढे जातात, एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येतात. मी कागदावर तीन शहरांचे रकाने आखत बसले होते. बाबांनी चष्मा लावून नकाशा बघितला.

"तुमच्या त्या सिडनीच्या वर हे ब्रिस्बेन आहे. हे कधी बदलतात?"

"ते क्वीन्सलँडमध्ये येतं. तिथे बदलतच नाहीत."

"मग क्लायंट तिथला बघा की."