आयुष्य बदलणारा गोडा मसाला

गोडा मसाल्याच्या एका ग्राहकबाईंनी लिहिलं होतं: ‘पहिली पिशवी फुटून आली, बदलून दिली. आमटीत चमचाभर टाकला, तर सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली.’ जाहिरातवाल्यांनी त्याची संहिता केली: ‘या मसाल्यानं माझं आयुष्यच बदललं!’ अहो, मसाल्यानं आमटी बदलावी, आयुष्य कशाला? 20 सेकंदांच्या जाहिरातीत चाळीसेक शब्द मावतात. बाईंचा मजकूर त्यात ऐसपैस बसतो. पण कात्री आधी चालते ती फुटलेल्या पिशवीवर, आणि ऐकणाऱ्याचा विश्वास बसणार असतो नेमका तिच्यामुळेच. मग नवं वाक्य बाईंकडून घोकून घेतात, नऊ टेकमध्ये. त्यापेक्षा ‘आमटीचं काय झालं?’ एवढंच विचारा, कॅमेरा चालू ठेवा आणि सासूबाईंना कापू नका.