येताना कुलूप आणावे

शिक्षक प्रशिक्षणाच्या पत्राच्या शेवटी ‘प्रशिक्षणार्थींसाठी सर्वसाधारण सूचना’ असतात. त्यातली सातवी अशी: ‘निवासाची व्यवस्था करण्यात आली असून, येताना अंथरूण, पांघरूण, बादली, मग, ताट, वाटी, पेला व स्वतःचे कुलूप आणावे.’ एवढे सगळे घरून आणल्यावर करण्यात आलेली व्यवस्था म्हणजे नेमके काय, हे शोधले तर छत सापडते. पावसाळी तुकडीतल्या काहींना तेही पूर्ण सापडत नाही.

ताट-वाटीचे समजण्यासारखे आहे. माणूस जेवतो, ताट लागते. पण कुलूप? पाच दिवसांच्या निवासी प्रशिक्षणाला निघालेल्या प्राथमिक शिक्षकाकडे चोरण्यासारखे काय असेल, असा कोणाचा अंदाज आहे? दोन शर्ट, रक्तदाबाच्या गोळ्या आणि कार्यमुक्ती आदेशाच्या तीन सत्यप्रती.

तरीही शिक्षक आज्ञाधारक असल्यामुळे कुलूप येते. एका खोलीत आठ जण, म्हणजे आठ कुलपे. दार एक. दाराला कडी आहे, कोयंडा नाही. असलाच तर एका खिळ्यावर लोंबतो, आणि कुलपाच्या वजनाने तो पहिल्याच संध्याकाळी हातात येतो. कोयंडा शाबूत निघाला तर वेगळाच पेच पडतो: लावायचे कोणाचे? सेवाज्येष्ठतेनुसार सर्वांत ज्येष्ठ गुरुजींचे लावले जाते. ज्येष्ठ गुरुजींना मधुमेह, म्हणून पहाटे पाचला फिरणे. आणि त्याच वेळी बाकीचे सात जण टॉवेल गुंडाळून नळावर रांगेत. खोली मोकळी कशी टाकायची म्हणून ज्येष्ठ गुरुजी कुलूप लावून जातात. ते तालुक्याच्या वेशीपर्यंत जाऊन साडेसहाला परततात तोवर ओल्या अंगाचे सात शिक्षक व्हरांड्यात थंडीने कुडकुडत उभे. दुसऱ्या दिवसापासून किल्ली खिडकीच्या गजाला सुतळीने बांधून ठेवायचे ठरते. म्हणजे कुलूप लागते, सूचना क्रमांक 7 चे पालन होते, आणि खोली कोणालाही उघडता येते. उरलेली सात कुलपे पाच दिवस पिशवीच्या तळाशी पडून राहतात. पिशवीला कुलूप नसते.

वेळापत्रकाबद्दल फार बोलण्यासारखे नाही. नोंदणी 9 ला, उद्घाटन साडेनऊला, पाहुणे पावणेबाराला. मधला वेळ कशातून कापायचा हे ठरलेले असते: जेवणाची सुट्टी हलत नाही, मार्गदर्शनपर भाषण हलत नाही, कापले जाते ते गटकार्य. म्हणजे शिक्षकाने हाताने काही करून पाहायचे जे एकमेव सत्र, तेच. साहित्याचेही तसेच. कात्री, डिंक, पट्टी आणि इयत्ता तिसरीचे गणिताचे पुस्तक शिक्षकाने आणावे असे पत्रात असते, आणि ते येते. कार्यालयाने द्यायची घटकसंच पुस्तिका छपाईत असते. ती ग्रुपवर पीडीएफ म्हणून येते आणि सुलभक ती पडद्यावर लावून वाचून दाखवतात. चाळीस पदवीधर माणसांना, मोठ्याने.

वर्तनाच्या सूचनांत मोबाइल बंद ठेवावा असे लिहिलेले असते. त्याच्या पुढचीच सूचना, दिवसातून तीनदा अक्षांश-रेखांशासह फोटो काढून लिंकवर अपलोड करावा. अनुपस्थित राहिल्यास 1964 च्या जिल्हा सेवा शिस्त व अपील नियमांनुसार कारवाई होईल, हे मात्र ठळक अक्षरांत असते. अक्षांश-रेखांश येईपर्यंत शिक्षक फोन आकाशाकडे धरून मैदानात फिरतो. आत सत्र चालू असते. उपस्थिती सिद्ध करायला गेलेला तेवढा वेळ तो वर्गात नसतो, पण त्याची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही.

आता चौदावी सूचना. ‘प्रशिक्षण कालावधीत कोणतीही शाळा बंद राहणार नाही याची मुख्याध्यापकांनी दक्षता घ्यावी व आपल्या स्तरावरून पर्यायी व्यवस्था करावी.’

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत 60 पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक द्यावेत असे आहे. वाड्यावस्तीवर म्हणून ठिकठिकाणी गुरुजी आणि बाई, इतकीच आस्थापना. त्यातले एक मुख्याध्यापकाचा कार्यभार पाहतात. प्रशिक्षणाच्या यादीत दोघांचीही नावे, एकाच तुकडीत, एकाखाली एक. म्हणजे दक्षता घ्यायची ती मुख्याध्यापकाने, आणि तो बादली-मग घेऊन एसटीत बसलेला. पर्यायी व्यवस्था कोणाची करणार? शेजारच्या वस्तीवरचे दोघे त्याच गाडीत मागच्या सीटवर आहेत. उरते कोण? अंगणवाडीच्या सेविका, ज्यांच्याकडे त्यांचीच पंचवीस पोरे आहेत. खिचडी शिजवणाऱ्या मावशी. नाहीतर गावातला डी.एड. होऊन घरी बसलेला पोरगा, ज्याला भरती होत नाही म्हणून नोकरी नाही, आणि शिक्षक नाहीत म्हणून पाच दिवस फुकट वर्ग सांभाळायची विनंती आहे. त्याच कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन सांगितले आहे. पत्र काढणाऱ्याने चौदावी सूचना टंकित केली की त्याचा विषय संपतो. पाच दिवस बुडतात ते चौथीतल्या पोरांचे. आणि शनिवारी कोणी साहेब भेटीला गेले, शाळा बंद दिसली, तर खुलासा मागवला जातो तो गुरुजींचा.

इथे सातवी आणि चौदावी सूचना एकमेकींना भेटतात. वस्तीवरच्या पुष्कळ गुरुजींकडे ‘स्वतःचे’ म्हणण्यासारखे भक्कम कुलूप एकच असते, शाळेच्या दाराचे, तेही पदरमोड करून आणलेले. ते पिशवीत घालून गुरुजी निघाले तर शाळेला कुलूप लागत नाही. दोन्ही सूचनांचे एका फटक्यात पालन!

गंमत बाजूला ठेवू. प्रशिक्षण नको असे शिक्षकही म्हणत नाहीत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वर्षाला 50 तास सांगितलेत, ते योग्यच आहेत. दुखणे यादीत आहे. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो. यादी त्या क्रमांकाने लावली की एका शाळेतली दोन्ही नावे आपोआप शेजारी येतात. मग टेबलावरचा माणूस वरून चाळीस मोजतो आणि रेघ मारतो: पहिली तुकडी. पुढचे चाळीस, दुसरी. द्विशिक्षकी शाळा रेघेवर सापडली तरच तिचे दोन शिक्षक वेगळे होतात. त्याऐवजी प्रत्येक शाळेतले पहिले नाव पहिल्या तुकडीत आणि दुसरे दुसऱ्या तुकडीत टाकले, तर काम पाच मिनिटांचे आहे. एकही द्विशिक्षकी शाळा बंद पडत नाही. एकशिक्षकी शाळांसाठी उन्हाळी सुट्टी किंवा फिरता बदली शिक्षक लागेल, तो प्रश्न खरा आहे; पण दोघांच्या शाळा उघड्या ठेवायला ना निधी लागतो ना शासन निर्णय.

हे कोणी सुचवत नाही असे नाही. अभिप्राय फॉर्ममध्ये दर वर्षी कोणीतरी हे लिहितेच. एकदा एक मुख्याध्यापिका थेट कार्यालयात गेल्या, यादीचा कागद पुढे ठेवून कुठे काय बदलायचे ते पेन्सिलीने दाखवायला. यादीचे टेबल रिकामे होते. शिपायाने सांगितले, दोन्ही लिपिक शुक्रवारपर्यंत संगणक प्रशिक्षणाला गेलेत, एकाच तुकडीत.