साडेसात एचपीची थोरवी

धाराशिव जिल्ह्यात बोअरला पाणी लागलं की मोटार किती एचपीची घ्यायची, या प्रश्नावर कुणी फार वेळ घालवत नाही. शेजाऱ्याची पाचची असेल तर आपली साडेसातची. दुकानदार बोअरची खोली विचारतो, आपण चारशे फूट सांगतो आणि चहा निवायच्या आत मोटार टेम्पोत चढते. इतक्या झटपट होणाऱ्या निर्णयाचं कुणीतरी जाहीर कौतुक करायला हवं. सुजाण नागरिक म्हणून ते आपण करू.

या पद्धतीचा पहिला गुण म्हणजे ती मोजमापाच्या कटकटीतून सोडवते. बोअर गाडीवाला कॉम्प्रेसरनं पाणी उडवतो, “दोन इंच लागलं” म्हणतो आणि आपण नारळ फोडतो. ते पाणी खडकाच्या भेगांत साठलेलं असतं. रोज तासन्‌तास उपसल्यावर किती टिकेल, हे त्या फवाऱ्यावरून कळत नाही. आपल्याकडचा खडक बेसाल्ट आहे. पाणी साठतं ते त्याच्या कुजलेल्या थरात आणि फटींत, म्हणून शंभर पावलांवरच्या दोन बोअरची आवक वेगळी निघू शकते. ती मोजायला चाचणीची मोटार, दोनशे लिटरचं पिंप आणि हातातलं घड्याळ पुरतं. मोटार काही तास चालवायची, पाण्याची पातळी उतरून एका जागी थांबली की पिंप भरायला किती वेळ लागतो ते पाहायचं. शेजाऱ्याच्या मोटारीकडे पाहून घेतलेल्या निर्णयात या पिंपाला काही काम उरत नाही.

तरी तुलनेसाठी एक हिशेब करू. समजा, कळंब तालुक्यात साडेसहा इंची, चारशे फुटी बोअर आहे. मोटार बंद असताना पाणी 120 फुटांवर असतं. चाचणीत पातळी 250 फुटांवर थांबली आणि पिंप चार मिनिटांत भरलं, म्हणजे मिनिटाला 50 लिटर, तासाला 3,000. हेड धरायचं ते या 250 फुटांपासून, म्हणजे 76 मीटर. बोअरच्या तळापासून नाही आणि मोटार जिथे टांगली तिथूनही नाही, कारण मोटारीच्या वर उभं असलेलं पाणी तेवढी उंची आपल्या दाबानं आधीच चढून आलेलं असतं. हौदाच्या उंचीचे चार मीटर, पाइपातल्या घर्षणाचे पाच आणि उन्हाळ्यात पातळी आणखी खाली जाईल म्हणून पंधरा धरले, की बेरीज 100 मीटर होते. आवकेपेक्षा थोडं कमी, तासाला अडीच हजार लिटर उपसायचं ठरवलं, तर या कामाला दोन एचपीची मोटार पुरते. दुकानात विचारायचा प्रश्न तेवढाच असतो : शंभर मीटर हेडला तासाला अडीच हजार लिटर देणारा पंप कोणता? उत्तर कंपनीच्या तक्त्यात छापलेलं असतं.

आता साडेसातची थोरवी पाहा. 330 फुटांवर सोडलेली ही मोटार याच बोअरमधून मिनिटाला सुमारे 200 लिटर ओढते. येतात 50, म्हणजे साठ्यातून मिनिटाला 150 कमी होतात. साडेसहा इंची बोअरमध्ये फुटाला साधारण साडेसहा लिटर पाणी मावतं. 120 पासून 330 फुटांपर्यंतचा सगळा साठा 1,400 लिटरच्या आतला. तो नऊ मिनिटांत संपतो. त्या नऊ मिनिटांत पाइपाच्या तोंडाशी जी धार पडते, ती बांधावरून पाहण्यासारखी असते. शेजारी ती पाहतो आणि पुढच्या वर्षी दहाची आणतो. दिवसभरात बोअर जेवढं देणार तेवढंच पाणी दोन्ही मोटारींना मिळतं, पण दोन एचपीच्या धारेला बांधावर प्रेक्षक जमत नाहीत.

दहाव्या मिनिटापासून मोटार कोरडी फिरू लागते. इथे आपल्या जिल्ह्यानं ‘ऑटो’ बटणावर टाकलेला विश्वास खास नोंदवावा असा आहे. थ्री फेज लाइट रात्री येते, ऑटो मोटार सुरू करतो आणि मालक झोपेत असतो. स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले आहे, तो सांभाळेल, अशी सगळ्यांची श्रद्धा. पण तो रिले करंट वाढला तरच पडतो. पाणी संपलं की मोटारीवरचा भार उतरतो आणि अँपिअर कमी होतात. त्यामुळे रिले शांत राहतो आणि मोटार रात्रभर फिरत राहते. कमी करंट ओळखणारं ड्राय रन संरक्षण किंवा बोअरमध्ये सोडायचा लेव्हल गार्ड मोटारीच्या मानानं स्वस्तात मिळतो. तो घेणं म्हणजे रिलेवर अविश्वास दाखवणं, म्हणून बहुतेक जण घेत नाहीत.

मोटार आपलं दुखणं लपवत नाही, हेही तिच्या बाजूनं सांगायला हवं. धार आधी उचक्या देते, हवा मारते, मग तुटते. त्याच वेळी व्होल्टेज तेवढंच असताना अँपिअरचा काटा खाली येतो. तासभर विसावा दिला की पुन्हा पाणी येतं आणि पुन्हा तुटतं, हे कोरडं चालल्याचं पक्कं लक्षण. अँपिअर कमी आहेत आणि विसाव्यानंतरही थेंब नाही, तर शाफ्ट किंवा कपलिंग तुटलेलं असू शकतं. अँपिअर नेहमीइतके आणि पाणी मात्र कमी, तर आधी पाइपाचं भोक शोधावं.

बाहेर काढलेली मोटार तर आणखी स्पष्ट बोलते. प्लॅस्टिकचे इम्पेलर वितळून आपापल्या वाटीला चिकटलेले, रबरी बुश जळालेले, शाफ्ट निळसर-काळा पडलेला, तर ती पाण्याविना फिरली आहे. इम्पेलर स्वच्छ, पण स्टार जोडणीच्या वायंडिंगमध्ये दोन फेज काळे आणि एक कोरा, तर दोष सिंगल फेजिंगचा. हा फरक न पाहता पुन्हा तेच वायंडिंग भरून तीच मोटार त्याच बोअरमध्ये सोडण्याची रीत आहे. त्यामुळे मोटार काढणारी टोळी आणि वायंडिंगवाला यांना भर दुष्काळात काम मिळतं. उन्हाळ्यात जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या धंद्याला इतकी बरकत येत असेल, असं वाटत नाही.

मोटार जळाली की खापर बोअरवर फुटतं आणि नवा बोअर पडतो, आधीच्यापेक्षा खोल. 2009 चा भूजल कायदा साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना आडवा येतो. पण सहाशे फुटांचे आकडे आपण पारावर मोठ्यानं सांगतो, त्यावरून कायद्यापेक्षा आपला उत्साह खोल आहे हे दिसतं.

पद्धतीचे गुण सांगून झाले. आता पिंपाबद्दल. ते प्रत्येक वस्तीवर आहे, बहुधा जनावरांच्या पाण्यासाठी. पुढची मोटार घेण्याआधी एकदा ते पाइपाच्या तोंडाखाली ठेवा आणि ते भरेपर्यंत घड्याळाकडे पाहा. चार मिनिटं लागली, तर बोअरनं आपलं वजन सांगितलं आहे. त्याच्यावर साडेसातचं ओझं टाकायचं की नाही, हे मग शेजाऱ्याला विचारावं लागणार नाही.