हॉल ओलांडण्याआधी

सोळा वर्षांचा मुलगा मित्राच्या घरी पहिल्यांदा जातो तेव्हा त्याला खरं तर मित्राच्या खोलीत जायचं असतं. दुर्दैवाने मध्ये हॉल लागतो. हॉलमध्ये सोफा, टीव्ही, मनी प्लँटची कुंडी आणि मित्राचे आईवडील असतात. पहिल्या तिघांशी काही बोलावं लागत नाही, त्या अर्थी चौथ्याशीही लागत नसावं, असा त्याचा प्रामाणिक समज असतो. म्हणून तो मान खाली घालतो, पाठीवरची सॅक टीपॉयवरच्या वर्तमानपत्राला घासून ते खाली पाडतो आणि आतल्या खोलीत अदृश्य होतो. दार लागतं. बाहेर काका विचारतात, "कोण गेलं ग?" काकू दाराशी जाऊन बूट बघून येतात आणि सांगतात, "माहीत नाही, पण नऊ नंबर आहे." त्या घरात पुढची दोन वर्षं तो मुलगा 'नऊ नंबर' म्हणूनच ओळखला जातो. नाव कळल्यावरसुद्धा.

यात मुलाची चूक आहेच, पण त्याला शिकवणाऱ्यांची जास्त आहे, असं माझं मत आहे. घरोघरी मुलांना सांगितलं जातं की मोठ्यांना नमस्कार करावा, कारण मोठ्यांचा आदर करायचा असतो. सोळाव्या वर्षी माणूस या वाक्यातला 'कारण' हा शब्द गंभीरपणे घेतो. ज्या काकांना आपण ओळखतही नाही, जे आत्ता बनियनवर बसून शब्दकोडं सोडवताहेत, त्यांचा आदर नेमका कशाबद्दल करायचा, हा त्याचा प्रश्न तर्काला धरून आहे आणि त्याला उत्तर नाही. उत्तर नसल्यामुळेच तो खाली मान घालून जातो. आदराचा मुद्दा थोडा वेळ बाजूला ठेवला तर सगळं सोपं होतं. पहिला नमस्कार ही आधी वर्दी असते. मी कोण, कोणाकडे आलोय, कशाला आलोय आणि साधारण किती वाजता तुमचं घर तुम्हाला परत मिळेल, एवढी माहिती घरमालकाला देणं म्हणजे तो नमस्कार. आदर वाटायचा असेल तर तो सावकाश वाटेल. वर्दी मात्र दारातच द्यावी लागते.

पूर्वी ही गोष्ट वेगळी शिकवावी लागत नसे, कारण वर्दी दिल्याशिवाय मित्र मिळायचाच नाही. वाड्यात किंवा चाळीत खालून हाक मारली की मित्राच्या आधी त्याची आजी कठड्याशी यायची आणि तिथेच चौकशी उरकायची. मग घरोघरी फोन आले, तेही अर्धं काम करत. फोन घरात एकच आणि तो हॉलमध्ये. रिंग वाजली की उचलणार बहुधा मित्राचे वडील. त्यामुळे नंबर फिरवण्याआधी मुलं वाक्य मनात दोनदा घोळवत: "नमस्कार काका, मी अमुक बोलतोय, अमुकच्या वर्गातला, तो आहे का?" मुलगा दारात येईपर्यंत त्याचं नाव, आवाज आणि फोन करायची अवेळ या तिन्ही गोष्टी घरात माहीत झालेल्या असत. मोबाइलने हा सगळा मधला मुक्काम पुसून टाकला. आता मुलगा लिफ्टमधून 'आलो' एवढा मेसेज टाकतो, मित्र स्वतःच दार उघडतो आणि बेलसुद्धा वाजत नाही. आजची मुलं उद्धट झाली, हे निदान म्हणून मला साफ चुकीचं वाटतं. त्यांचे सरावाचे सामने रद्द झालेत आणि ती थेट अंतिम सामन्याला उतरताहेत.

हा सामना कसा खेळावा, ते एका नावापुरत्या मुलावर बघू. त्याला ओंकार म्हणू, मित्राला सोहम. रविवार, दुपारचे साडेचार. ओंकारने सोहमला मेसेज केला असला तरी बेल वाजवावी. एकदाच, आणि मग थांबावं. काकूंचे हात कणकेत असतील आणि काका शर्ट शोधत असतील, त्यांना अर्धं मिनिट लागतं. तेवढ्यात दोन्ही कानांतले इयरफोन काढून खिशात टाकावेत. एकच काढला तर समोरच्याला आपण निम्मे ऐकले जातोय असं वाटतं, आणि ते खरंच असतं. बूट काढून जोडीने बाजूला लावावेत, कारण दाराच्या मधोमध सोडलेल्या बुटावर पहिली ठेच नेमकी आजीला लागते. मोज्यांबद्दल सभ्य माणसाने फार लिहू नये, पण दिवसभर बुटात राहिलेला मोजा आपल्याआधी नमस्कार करतो, एवढं लक्षात असू द्यावं. शंका असेल तर मोजेही बुटातच ठेवून यावेत.

मग वाक्य. "नमस्कार काकू, मी ओंकार, सोहमच्या क्लासमधला. केमिस्ट्रीचं जर्नल पूर्ण करायला आलोय, सातपर्यंत निघेन." झालं. म्हणायला दहा सेकंद पुरतात, पण किती चिंता मिटल्या ते बघा. नाव कळलं, म्हणजे 'नऊ नंबर' टळला. क्लासमधला म्हटल्यावर ऑनलाइन गेम खेळताना कुठेतरी भेटलेला नाही, हे कळलं. जर्नल म्हटल्यावर काकूंचा अर्धा विश्वास बसला. उरलेला अर्धा बसणार नाही आणि बसूही नये. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'सातपर्यंत'. या एका शब्दावर रात्रीच्या पोळ्यांचा हिशेब ठरतो. कणीक मळणाऱ्या बाईला जेवायला किती माणसं हे न विचारता कळलं, तर त्या मुलाबद्दल तिचं मत वाईट होणं अवघड आहे. मात्र सात सांगून साडेआठपर्यंत बसलात तर पोळ्या कमी पडतात, आणि त्या कोणाच्या ताटातून कमी झाल्या हे सोहम दुसऱ्या दिवशी सांगेल.

आता काही अवघड जागा. 'काकू' म्हणावं की 'आंटी'? मुंबईत आंटी खपून जातं, पण कित्येक मराठी घरांत ते ऐकून चेहऱ्यावर एक बारीक आठी पडते. काही घरांत 'काकी' म्हणतात. 'मावशी' हा शब्द मुळात सगळ्यांत गोड, पण शहरांनी तो कामाला येणाऱ्या बायकांसाठी इतका वापरला की काहींना तो आता अपमान वाटतो. यात मावशींचा काहीच दोष नाही. त्यामुळे सुरुवातीला 'काकू'. त्यांनी स्वतः दुसरं काही सुचवलं तर तेच. काकूंशी बोलताना 'तुम्ही', हेही ठरलेलंच. आपल्या आईला 'अगं' म्हणायची जिभेला सवय असते, ती तिथे दोन मिनिटं आवरावी. अभिवादनाच्या शब्दाचंही तसंच आहे. कोणाच्या घरात रामराम चालतो, कोणाच्या घरात जय भीम, कुठे सलाम, वारकऱ्यांच्या घरी रामकृष्णहरी. आपण 'नमस्कार' म्हणावं, तो सगळीकडे चालतो. समोरून जो शब्द येईल तो हसून परत द्यावा. तेवढ्याने आपलं काही उणं होत नाही आणि त्यांना आपण ऐकलं असं वाटतं.

पाया पडावं का? इथे मुलांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. चाळिशीतले बरेच आईवडील मुलाच्या मित्राने वाकायला सुरुवात केली की दचकतात. "अरे राहू दे, राहू दे" म्हणत ते मागे सरकतात, मुलगा पुढे सरकतो आणि दोघं टीपॉयभोवती फुगडी घालतात. शिवाय त्या वाकण्यातून त्यांना आपण म्हातारे झाल्याची पहिली अधिकृत सूचना मिळते. म्हणून त्यांना उभ्यानेच नमस्कार पुरे. घरात आजी-आजोबा असतील तर मात्र न विचारता वाकावं. तिथे कोणी मागे सरकत नाही. आजी डोक्यावर हात ठेवते, "मोठा हो" म्हणते आणि त्या क्षणापासून घरातलं एक मत तुमच्या खिशात असतं.

यावर मुलांचा ठरलेला आक्षेप येईल की हे सगळं ढोंग आहे. मनात काही नसताना गोड बोलायचं. आक्षेप मला मान्य झाला असता, जर मी त्यांना स्तुती करायला सांगितलं असतं. "काकू, तुमचं घर किती छान आहे" हे वाक्य सोळाव्या वर्षी कोणाच्याही तोंडी ढोंगच वाटतं आणि काकूंना तर ते ताबडतोब कळतं. वर्दीत खोटं बोलायला जागाच नाही. नाव खरं, काम खरं (निदान मुख्य काम), वेळ खरी. रेल्वेचा गार्ड गाडीला हिरवा बावटा दाखवतो तेव्हा त्याचं गाडीवर प्रेम आहे का, हे कोणी विचारत नाही.

दुसरा आक्षेप लाजऱ्या मुलांच्या वतीने घेतला जातो आणि तो जास्त खरा आहे. काही मुलांचा आवाज अनोळखी माणसासमोर खरोखरच बसतो. त्यांना माझं सांगणं एवढंच की अख्खं वाक्य जमलं नाही तरी पायांनी थांबावं. हॉलमध्ये तीन सेकंद उभं राहून समोर बघितलं आणि नुसती मान लववली, तरी लाजरा मुलगा म्हणून नोंद होते आणि आपल्याकडे लाजऱ्या मुलाला चकलीसुद्धा जास्त मिळते. चालता चालता खांद्यावरून टाकलेलं 'हाय काकू' कितीही मोठ्याने म्हटलं तरी ते थांबण्याची बरोबरी करत नाही. आणि उरलेलं वाक्य पूर्ण करणं हे सोहमचं काम आहे. मित्राची ओळख करून न देता त्याला खोलीत ओढून नेणारा यजमान हा या सगळ्या प्रकरणातला खरा आरोपी आहे. त्याच्यावर कोणी लेख लिहीत नाही म्हणून तो मोकाट सुटलाय.

तिसरा आक्षेप मी स्वतःच घेतो: आईवडील तरी कुठे धड वागतात? मुलाने नाव सांगितलं की पुढचा प्रश्न "आडनाव काय?" मग "मूळचे कुठले?", "बाबा काय करतात?", "दहावीला किती पडले?" यातला आडनावाचा प्रश्न पुष्कळदा नुसता ओळखीसाठी नसतो, जात हुंगण्यासाठी असतो आणि मुलांना ते आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर कळतं. मुलाने सरळ उत्तर द्यावं, त्यात लपवण्यासारखं त्याच्याकडे काही नाही. पण हा प्रश्न गिळायचा शिष्टाचार काका-काकूंनी पाळायला हवा. वर्दी देणाऱ्याने दिली, आता घेणाऱ्याने पाणी द्यावं.

ते पाणी आलं की 'नको' म्हणू नये. खायच्या पदार्थाला पहिलं 'नको' चालतं, किंबहुना आपल्याकडे ते कोणी मोजतच नाही. पाण्याला नाही म्हटलं की मात्र काकूंचा ट्रे हवेत तसाच राहतो. पाणी संपवावं, भांडं सोफ्याच्या हातावर न ठेवता आत ओट्यापाशी नेऊन ठेवावं. सात वाजता, साडेआठला नव्हे, निघताना स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन "काकू, येतो" म्हणावं. 'जातो' नको. आणि सोहम, तू तेवढा वेळ मोबाइल खाली ठेवून त्याला लिफ्टपर्यंत सोडायला जा.