फ्रेम कोणासाठी, फोटो कोणाचे?

डिजिटल फोटो फ्रेम नातवंडं विकत घेतात आणि तीत स्वतःचेच फोटो भरतात. वाढदिवसाचा केक, गोव्याचा समुद्र, पुन्हा केक, नवी गाडी, गाडीपुढे नारळ, पुन्हा समुद्र. खुर्चीत बसून ती फ्रेम दिवसभर बघायची आहे आजी-आजोबांनी. त्यांना काय बघायचंय हे त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

हैदराबादच्या मलकपेठेत माझ्या आत्येभावाकडे अशीच फ्रेम आली. आत्या ८३ वर्षांची, आतोबा तिच्याहून चारेक वर्षांनी मोठे. अमेरिकेतल्या नातीने मागवली, पुण्यातल्या नातवाने तीत १,४०० फोटो ओतले आणि फोटो बदलायचा वेळ ठेवला दहा सेकंद. हिशेब करा: सगळे फोटो एकदा फिरायला जवळपास चार तास लागतात, आणि त्या चार तासांत एकही फोटो डोळ्यांत भरत नाही. आत्या चष्मा सारखा करेपर्यंत चेहरा गेलेला असायचा. "अरे, थांबव की त्याला!" असं आतोबा फ्रेमकडे हात करून म्हणायचे. आठवडाभरात फ्रेम टीव्हीच्या मागे गेली.

ती परत काढली तेव्हा आम्ही पहिल्यांदा आकडा कमी केला. फक्त ६० फोटो आणि प्रत्येकाला दोन मिनिटं, म्हणजे दोन तासांत एक फेरी. तोच फोटो दिवसात आठेक वेळा येतो आणि यायलाच हवा. म्हाताऱ्या माणसाला नवं काही बघायची घाई नसते. ओळखीचं पुन्हा दिसलं की त्याला त्यातलं पुढचं सुचतं. फोटो सरकत येणं, फिरत येणं, विरघळत जाणं असले सगळे परिणाम सेटिंगमध्ये जाऊन बंद करावेत. म्हाताऱ्या डोळ्यांना त्या हालचालीचा नुसता त्रास होतो.

मग साठात कोण? माणसाला म्हातारपणी सगळ्यात जास्त आठवणी साधारण दहा ते तीस या वयातल्या येतात. मानसशास्त्रात ही जुनी, पुन्हा पुन्हा तपासलेली गोष्ट आहे. आत्याचा जन्म १९४२चा, म्हणजे तिची ती वर्षं १९५२ ते १९७२. हैदराबाद राज्य मोडलं १९५६ साली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, पण नोकरी-धंद्याने बांधलेली पुष्कळ मराठी घरं हैदराबादेतच राहिली. आतोबांचं त्यातलंच एक. आत्या लग्न होऊन परभणीहून आली तीही याच वर्षांत. तिचं मन जिथे सतत जातं त्या वीस वर्षांचे घरात फोटो किती? ट्रंकेत मोजून तीसएक. आणि नातवाच्या मोबाइलमध्ये गेल्या पाच वर्षांचे हजारो. फोन भरलेला आहे म्हणून फ्रेम भरायची, ही चूक घराघरांत होते. आमच्या साठांपैकी निम्मे १९७५च्या आधीचे आहेत. नातवंडं-पतवंडं मिळून पंधरा. पुण्याच्या नातवाला ते कमी वाटलं. वाटू दे.

जुने फोटो काढताना एक जपा. काळ्या पानांच्या अल्बममध्ये कोपऱ्यांत अडकवलेले फोटो सहज निघतात. पण ऐंशीच्या दशकातल्या, प्लॅस्टिकच्या पारदर्शक पानाखाली चिकटवलेल्या अल्बममधले फोटो ओढले तर फाटतात, आणि काचेला चिकटलेला फोटो सोलायला गेलात तर चेहरा काचेवर राहतो. ते आहेत तिथेच ठेवून मोबाइलने टिपावेत: खिडकीजवळ, पण उन्हात नाही, खोलीतले दिवे आणि फ्लॅश बंद, मोबाइल फोटोला अगदी समांतर. दहा इंची साध्या फ्रेमवर मावतात सुमारे दहा लाख ठिपके, त्यामुळे त्यासाठी कुठलाही आजचा मोबाइल पुरतो. घरात जपून ठेवायची प्रत मात्र स्कॅनरवर करावी, आणि छोटा फोटो असेल तर ६०० डीपीआयने.

आता चेहऱ्याच्या आकाराकडे या, कारण सगळ्यात जास्त फोटो इथेच वाया जातात. दहा इंची फ्रेमचा पडदा जेमतेम २२ सेंटिमीटर लांब आणि साडेतेरा सेंटिमीटर उंच. लग्नाच्या ग्रुप फोटोत एका रांगेत पंधरा माणसं उभी असली, तर एकेकाचा चेहरा पाऊण सेंटिमीटरचा होतो, हरभऱ्याएवढा. खुर्चीतून दोन मीटरवरून तो कोणाचा हे आत्याला कळणं शक्य नाही. आम्ही ठरवलं की चेहरा पडद्यावर निदान तीन सेंटिमीटर उंच दिसला पाहिजे. त्या मापाने फोटोत दोन किंवा तीनच माणसं बसतात. ग्रुप फोटो टाकून द्यायचा नाही, त्याचे तुकडे करायचे: आधी अख्खा फोटो, मग त्यातल्या बहिणी, मग वरमाय, मग कोपऱ्यात रडणारं पोर.

फ्रेम आडवी ठेवायची की उभी, हेही फोटो बघून ठरवा. फ्रेम सगळेजण आडवी मांडतात, पण मोबाइलवरचे बहुतेक फोटो उभे आणि जुन्या स्टुडिओतलेही बरेच उभेच. उभा फोटो आडव्या पडद्यावर 'पूर्ण पडदा भरा' या सेटिंगने टाकला की निम्म्याहून जास्त कापला जातो, आणि कापली जातात ती डोकी. तो लहान करून बसवला तर दोन्ही बाजूंना त्याच फोटोची धूसर प्रत उमटते, आणि आत्या विचारते, "मागे कोण उभंय?" आमच्या साठांत उभे जास्त निघाले, म्हणून फ्रेम उभी केली. विकत घेताना ती उभी राहते का, एवढं दुकानदाराला विचारावं.

अमेरिकेहून आलेल्या फोटोंतले काही दिसतच नव्हते. त्यांच्या नावाच्या शेवटी .HEIC होतं, आयफोन तसे साठवतो आणि पुष्कळ स्वस्त फ्रेमना ते उघडता येत नाहीत. ते .JPG करून घ्यावे लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवायचे असतील तर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. एरवी फोटो दाबून लहान होतो आणि त्याची मूळ तारीखही पुसली जाते.

गेलेल्या माणसांचं काय करायचं, हा प्रश्न अ‍ॅप विचारत नाही. तो घरातल्याने विचारायचा असतो, आणि हळू विचारायचा. हार घातलेला, कुंकू लावलेला फोटो भिंतीवरचा. तो केक आणि समुद्राच्या मधोमध येऊ नये. पण म्हणून ते माणूसच वगळायचं? आत्याला तिची अक्का हवी होती. हसणारी, परभणीच्या वाड्यात जात्याजवळ बसलेली. ती घेतली. आतोबांच्या धाकट्या भावाचा एकच अलीकडचा फोटो होता, दवाखान्यातला, नाकात नळी. आतोबा म्हणाले, "ते नक्को." काढला. त्याऐवजी काचीगुडा स्टेशनवर मनमाडच्या गाडीची वाट बघत दोघे भाऊ उभे आहेत तो टाकला, पाठीमागे निजामाच्या काळातल्या त्या इमारतीचे घुमट. तो आला की आतोबा मीटरगेजच्या गाडीत रात्र कशी काढायचे ते सांगायला लागतात.

प्रत्येक फोटोवर नाव हवं. अ‍ॅपमध्ये मजकूर लिहायची सोय असते, पण बऱ्याच फ्रेमवर देवनागरीची जोडाक्षरं फुटतात, 'अक्का'चं भलतंच होतं. म्हणून फोटो कापतानाच त्यावर मोठ्या, जाड अक्षरांत लिहून घ्यावं. आणि लिहायचं ते बघणाऱ्याच्या नात्याने: नुसतं नाव नाही, तर 'तुझ्या अक्काचा मोठा मुलगा, सेलू'. ज्यांची स्मृती ढिली होत चालली आहे त्यांच्यासाठी तर हे अनिवार्य समजा. घरी येणारा प्रत्येकजण फ्रेमपुढे उभा राहून "सांग बघू, हा कोण?" विचारतो. ही परीक्षा घेणं बंद करा. ज्याला उत्तर येत नाही त्याचा तो चारचौघांत केलेला अपमान असतो. तुम्हीच नाव सांगा, पुढचं ते सांगतील.

फ्रेम खिडकीसमोर ठेवू नये, काचेत खिडकीच दिसते. खुर्चीसमोर, डोळ्यांच्या उंचीवर ठेवावी. रात्री साडेनऊला आपोआप बंद, पहाटे साडेपाचला चालू, असा वेळ लावावा. नाहीतर अंधाऱ्या खोलीत ती दिव्यासारखी जळते आणि झोप मोडते. वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी पुष्कळ फ्रेमना २.४ गिगाहर्ट्झचीच लागते. फोटो फ्रेमच्या स्वतःच्या साठवणीत ठेवले की इंटरनेट नसलं तरी ते फिरत राहतात. सगळं लावून झालं की एक कसोटी घ्याच: प्लग ओढा, परत लावा आणि हात न लावता बघत बसा. फोटो आपोआप सुरू झाले तर ठीक. 'सुरू करा' असं बटण दाखवून ती थांबून राहिली, तर उन्हाळ्यात पहिल्यांदा लाइट जाईल त्या दिवशी तुमची फ्रेम संपली; आत्या ते बटण दाबणार नाही, कोणाला सांगणारही नाही.

आणि फोटो पाठवायचा हक्क सगळ्या गोतावळ्याला देऊ नका. दोनच दिवसांत 'शुभ सकाळ'ची गुलाबाची फुलं आजोबांच्या खुर्चीसमोर उगवतात. आमच्याकडे आत्येभावाची मुलगी हे बघते. महिन्याला पाच नवे आत, पाच बाहेर, आणि बाहेर कोण हे आत्या ठरवते.

नुमाइशमधला फोटो ती काढू देत नाही. नामपल्लीच्या मैदानावर दर जानेवारीत भरतं ते प्रदर्शन. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी दोघे तिथल्या स्टुडिओत उभे राहिले होते. रंगवलेला कमानीचा पडदा, आत्याच्या दोन वेण्या, आणि आतोबांनी मुद्दाम पुढे धरलेलं मनगट. परवा दोन मिनिटं तो फोटो समोर होता तेव्हा आत्या म्हणाली, "ते घड्याळ यांचं नाही हो. स्टुडिओवाल्याचं. फोटोपुरतं द्यायचा, सगळ्यांना." आतोबांनी नाकारलं नाही. आत्येभावाची मुलगी लगेच उठली आणि मूळ फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने, हलक्या हाताने, ते लिहून ठेवलं. बॉलपेनने लिहिलं तर दाब पुढच्या बाजूला उमटतो.