सन्माननीय व्यासपीठ, पार्किंग

पंधरा ऑगस्टला मालवणात पाऊस ठरलेला. त्यामुळे आमच्या सोसायटीचं ‘सन्माननीय व्यासपीठ’ पार्किंगमध्ये असतं. म्हणजे दोन मोटारी बाहेर भिजत लावायच्या आणि त्यांच्या जागी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायच्या. राष्ट्रगीत ५२ सेकंदांत आटोपतं. मग सेक्रेटरी माईकवर फुंकर घालतात आणि अभिवादनाला सुरुवात करतात.

‘सन्माननीय व्यासपीठ, व्यासपीठावर विराजमान अध्यक्ष महोदय, उपाध्यक्ष महोदय, मितभाषी खजिनदार...’

शंभर सभासदांपर्यंतच्या सोसायटीला आदर्श उपविधींनी ११ जणांची समिती दिली आहे. आमच्या निम्म्या फ्लॅटना कुलूप. मालक मुंबईत, उगवणार ते चतुर्थीला. म्हणजे खुर्च्यांवर अकरा आणि समोर सात, त्यातली तीन पोरं जिलेबीच्या खोक्याकडे तोंड करून. तरी नाव एकाचंही गाळायचं नाही, आणि नुसतं नाव घेऊनही भागत नाही. प्रत्येकाला विशेषण हवं. एक ‘कार्यतत्पर’ झाला की दुसरा ‘धडाडीचा’ व्हावाच लागतो, मग तिसऱ्यासाठी ‘ज्यांच्या अथक परिश्रमांतून पाण्याची टाकी उभी राहिली ते’ असं आख्खं वाक्य जन्माला येतं. ती टाकी दुसऱ्याच पावसाळ्यात गळायला लागली. गच्चीचं वॉटरप्रूफिंग तर अजून इतिवृत्तातच आहे, माझ्या बेडरूममध्ये बादली आहे, आणि दरमहा देखभालखर्च घेणारे हे अकरा जण एकमेकांना सन्माननीय म्हणवून घेत बसलेत! चौथ्या नावाला पहिल्या मजल्यावरची आजी खिडकीतून ओरडली, ‘झेंडो भिजान चिंब झालो रे मेल्या, तू अजून खुर्च्येच मोजतंस?’

या यादीत वॉचमन मात्र नाही. पंधरा ऑगस्टला घडी केलेला झेंडा खालून दोरीने वर चढवायचा, सव्वीस जानेवारीला तो आधीच वर बांधून ठेवायचा आणि नुसता उलगडायचा, हा फरक आमच्या आवारात त्या एकट्याला ठाऊक. गाठ सरकती हवी, एका हिसक्यात सुटणारी. पावसात दोरी फुगली की तीच गाठ आवळते, झेंडा वर पोचूनही पुरचुंडीसारखा राहतो आणि अध्यक्ष महोदय खालून दोरी हिसकत बसतात. म्हणून हा माणूस भल्या पहाटे दोरी प्लास्टिकखाली झाकतो आणि गाठ दोनदा ओढून बघतो. अभिवादनात त्याची सोय ‘आणि इतर उपस्थित’ या तीन शब्दांत होते. ते तीन शब्दही सेक्रेटरी घाईघाईत म्हणतात, कारण तोवर भाषणाला वेळच उरलेला नसतो.

गेल्या वर्षी यादीतून खजिनदार सुटले. ते मितभाषीच, काही बोलले नाहीत. जिलेबीच्या व्हाउचरवर सही तेवढी केली नाही. हलवाई अजून फेऱ्या मारतो आहे. यंदा त्यांचं नाव तिसरं आलं, तर उपाध्यक्ष कुजबुजले, ‘माझ्या नावाआधी “लोकप्रिय” राहिलं.’

सेक्रेटरींनी माईक पुन्हा हातात घेतला. ‘सन्माननीय व्यासपीठ...’